राउटरजवळ फुल्ल रेंज, तिसऱ्या खोलीत शून्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या घरांमध्ये नेटच्या वायरी ओढणं आणि राउटर बसवणं हे माझं रोजचं काम. पेठांमधल्या जुन्या दगडी घरांतून मला सगळ्यात जास्त बोलावणी येतात ती एकाच तक्रारीसाठी: पुढच्या खोलीत नेट पळतं, माजघरात चालतं आणि स्वयंपाकघरात मरतं. त्या तक्रारीत लोक जे विचारतात, ते इथे लिहून ठेवतोय.

पॅक शंभर एमबीपीएसचा आहे, राउटरही नवा आहे. मग मागच्या खोलीत नेट का येत नाही?

पॅकचा वेग राउटरपर्यंत येणाऱ्या वायरीचा असतो. राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतचा रस्ता हवेतला आहे आणि त्याचा पॅकशी संबंध नाही. पॅक वाढवून मागच्या खोलीत फरक पडलेला मी आजवर पाहिला नाही, बिल मात्र वाढलेलं पाहिलंय.

दोष वायरीत आहे की हवेत, हे आधी ठरवून घ्या. विंडोजचा लॅपटॉप राउटरजवळ ठेवून त्याच्या `Command Prompt` मध्ये खालची ओळ चालवा, मग तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन परत चालवा. यात फक्त राउटरला हाक मारली जाते, बाहेरच्या इंटरनेटला नाही. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला. बहुतेक वेळा तो राउटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

```
ping -n 50 192.168.1.1
```

राउटरजवळ उत्तर सहसा एक ते पाच मिलिसेकंदांत येतं. मागच्या खोलीत तेच दोनशे-तीनशेवर गेलं किंवा मध्ये मध्ये `Request timed out` दिसू लागलं, तर नेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. गडबड तुमच्याच घरात आहे. दोन्हीकडे उत्तर झटपट येतंय आणि तरी नेट चालत नाही, तर मात्र फोन करा.

पण अंतर तर जेमतेम तीस फूट आहे. दारासमोर रस्त्यावर मी त्याहून लांब उभा राहतो, तिथे चालतं की!

याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. रस्त्यावर तुमच्या आणि राउटरच्या मध्ये एक उघडी खिडकी असते. मागच्या खोलीत मध्ये दोन भिंती असतात.

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सहा डेसिबलने कमी होतो. डेसिबल म्हणजे घटीचं माप: तीन डेसिबल गेले की ताकद निम्मी, दहा गेले की दहावा हिस्सा. एक मीटरपासून दहा मीटरपर्यंत गेलात तर नुसत्या अंतराचे वीस डेसिबल जातात. राउटरजवळ इतकी शिल्लक असते की हे वीस सहज पचतात. भिंती मात्र वेगळा हिशोब लावतात, आणि आपल्याकडच्या जुन्या भिंती तर फारच. दीड-दीड फूट जाडीचा काळा दगड, मध्ये माती-चुना, वरून गिलावा. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात घर गार ठेवणारी भिंत वायफायलाही तितक्याच चोखपणे अडवते.

एका भिंतीनंतर थोडंच कमी होतं, दुसऱ्या भिंतीनंतर एकदम संपतं. दोन्ही भिंती सारख्याच आहेत, मग असं का?

हा प्रश्न नीट समजला तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

समजा, एक भिंत बारा डेसिबल खाते. बारा डेसिबल म्हणजे सोळावा हिस्सा शिल्लक. आमच्या आजोबांच्या हिशोबात सांगायचं तर रुपयाचा आणा उरला. दुसरी भिंत त्या आण्याचा पुन्हा सोळावा हिस्सा ठेवते, म्हणजे पाऊण पै. दोन भिंतींनी नुकसान दुप्पट झालं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात दोनशे छप्पन्नावा भाग उरतो.

तरीही पाऊण पैवर वायफाय चालू शकतं, त्याचे कान फार तिखट असतात. अडचण येते ती गलक्यामुळे. हवेत शेजाऱ्यांचे राउटर असतात, यंत्रांचा स्वतःचा खरखराटही असतो. वायफायची ताकद उणे आकड्यांत मोजतात: शून्याच्या जितकी जवळ तितकी जोरदार, उणे तीस म्हणजे खणखणीत आणि उणे नव्वद म्हणजे कुजबुज. दाट वस्तीच्या पेठेत हा गलका साधारण उणे नव्वदच्या आसपास भेटतो. सिग्नल त्याच्या वीस-पंचवीस डेसिबल वर असेल तर काम झकास चालतं. दहा-बारावर आला की राउटर आणि फोन हळूहळू, ठळक अक्षरांत बोलू लागतात. सहा-सातवर आला की एकच वाक्य चार-चार वेळा बोलावं लागतं. म्हणून पुढच्या खोलीत बारा डेसिबल गेले तरी कळत नाही आणि मागच्या खोलीत पाच गेले तरी व्हिडिओ गोठतो. भिंत दोन्हीकडे सारखंच खाते, फक्त दुसऱ्या भिंतीच्या वेळी खिशात काही उरलेलं नसतं.

हे घरच्या घरी मोजता येतं का?

येतं. फोनवरच्या वायफायच्या रेघा मात्र विसरा, त्यांच्यावरून काही ठरत नाही. अँड्रॉइड फोनवर WiFiAnalyzer नावाचं फुकट ॲप आहे, त्यात आकडा थेट उणे चिन्हासह दिसतो. मॅकवर Option की दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की `RSSI` म्हणजे सिग्नल आणि `Noise` म्हणजे गलका, दोन्ही दिसतात. विंडोजवर ही ओळ चालवा:

```
netsh wlan show interfaces
```

इथे `Signal` टक्क्यांत येतो. विंडोजच्या मापात शंभर टक्के म्हणजे उणे पन्नास आणि शून्य टक्के म्हणजे उणे शंभर. दोन टक्के म्हणजे एक डेसिबल. उणे पन्नासच्या वरचं सगळं शंभरच दिसतं. त्यामुळे राउटर हॉलच्या कोपऱ्यात असो किंवा मध्यावर, हॉलमध्ये शंभरच टक्के दिसतात आणि माणसाला वाटतं जागेने फरक पडत नाही.

आता घरभर सावकाश फिरा. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, फोन नेहमी धरता तसाच धरा, आकडा कागदावर लिहा. एक आकडा दाराच्या रेषेत घ्या आणि एक भिंतीच्या आड. उणे पासष्टपर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो, उणे पंचाहत्तरला रडतखडत, आणि उणे ऐंशीच्या खाली नशिबावर.

«पाणी आलं की आमचं वायफाय जातं.» असं खरंच होतं का?

हे वाक्य मी साखर पेठेतल्या एका घरी ऐकलं आणि खरं सांगतो, हसलो. ताई म्हणाल्या, «दादा, हसू नका. लेकीचा क्लास त्याच दिवशी बंद पडतो.» मग फोन काढून मोजायला लागलो.

घर लांबट. रस्त्याकडे पुढची खोली, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, तिन्हींची दारं जवळजवळ एका रेषेत. राउटर पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात, टीव्हीच्या मागे. वायर रस्त्यावरून येते, बसवणाऱ्याला खिडकीजवळचा कोनाडा सोयीचा वाटला, विषय संपला. कोनाड्यातल्या राउटरच्या पाचही बाजूंना दगड आणि सहाव्या बाजूला टीव्हीचा पत्रा. लेक अभ्यासाला बसायची ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, राउटरपासून दहा मीटरवर.

२.४ गिगाहर्ट्झवर मिळालेले आकडे असे. राउटरसमोर एक मीटरवर उणे ३६. माजघरात सहा मीटरवर, दाराच्या रेषेत उणे ५३. नुसत्या अंतराच्या हिशोबाने उणे ५२ यायला हवा होता, म्हणजे दारातून तो जवळजवळ फुकटात आला. तिथूनच दोन पावलं बाजूला, भिंतीच्या आड, उणे ६४. ही पहिली भिंत: बारा डेसिबल. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंतराने उणे ५६ यायला हवा, आला उणे ८०. चोवीस जास्तीचे गेले, दोन भिंतींचे बारा-बारा. इतक्या जाड दगडातून बाराच गेले हेही नवल वाटू नये, कारण त्यातला बराचसा सिग्नल भिंत भेदून आलेला नव्हता. दारातून शिरून, समोरच्या भिंतीवर आपटून, वळसा घेऊन आला होता.

आता पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तीन-चार दिवसांनी कधीतरी येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवतात. या घरात माजघरातून स्वयंपाकघरात शिरताना दाराच्या एका अंगाला दोनशे लिटरची तीन प्लास्टिकची पिंपं एका ओळीत होती. रिकामं प्लास्टिकचं पिंप वायफायला दिसतसुद्धा नाही. भरलेलं पिंप म्हणजे दोन फूट जाडीचा पाण्याचा खांब, आणि पाणी या लहरी पितं. दारातून वळून कोपऱ्याकडे जाणारा सिग्नल नेमका या पिंपांमधून जात होता. नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी, पिंपं तळाला गेलेली असताना, उणे ८० होता. पिंपं भरल्यावर परत गेलो तर उणे ८५.

फरक पाचच डेसिबलचा. हॉलमध्ये हे पाच कुणाच्या लक्षातही आले नसते. पण त्या घरात गलका उणे ९२ होता. आधी बारा डेसिबलची फट होती, पिंपं भरल्यावर सातच उरली. क्लास बंद. ताईंचं निरीक्षण अचूक होतं.

मग त्या घरात काय केलंत?

राउटर कोनाड्यातून बाहेर काढला. नेटवाल्याकडून फायबरची वायर चार मीटर वाढवून घेतली आणि पुढच्या खोलीच्या आतल्या दाराच्या चौकटीवर लाकडी फळी ठोकून राउटर तिथे ठेवला. आता तो दारांच्या रेषेत आला आणि भिंतीशी तिरका राहिला नाही. तिरकेपणा महत्त्वाचा आहे: दीड फुटाची भिंत पंचेचाळीस अंशांनी ओलांडायची तर दोन फुटांहून थोडा जास्त दगड पार करावा लागतो. कोपऱ्यातला राउटर घरातल्या प्रत्येक भिंतीकडे असाच तिरका बघत असतो.

अभ्यासाच्या कोपऱ्यात आकडा उणे ६९ झाला, पिंपं भरल्यावर उणे ७३. पॅक तोच, राउटर तोच. खर्च आला तो वायरीचा आणि फळीचा.

राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी 5G लिहिलंय. कोणतं पकडू?

ते 5G म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, पाच गिगाहर्ट्झ. वेग जास्त, पण भिंतीत जास्त अडकतं. वरच्याच घरात ते राउटरसमोर उणे ४२, माजघरात भिंतीआड उणे ७७ आणि स्वयंपाकघरात यादीत नावच नाही. राउटरच्या खोलीत 5G वापरा, दोन भिंतींपलीकडे साधं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवालं.

दोन्ही नावं एकच केलेली असतील तर फोन स्वतः निवड करतो आणि कधी कधी चुकतो: पुढच्या खोलीत 5G पकडतो, चालत मागे जाताना ते सोडायला तयार होत नाही. मागे गेल्यावर वायफाय बंद करून चालू केलं की नेट येतं, अशी तक्रार असेल तर हेच कारण धरा. नावं वेगळी करा.

फोनवर दोन रेघा दिसतात, तरी पान उघडत नाही. रेघा खोट्या असतात का?

खोट्या नाहीत, अर्ध्या असतात. राउटरचं बोलणं फोनला किती ऐकू येतंय, एवढंच त्या सांगतात. फोनचं बोलणं राउटरला ऐकू येतंय का, हे त्यात नाही. फोनची बॅटरी छोटी, अँटेना त्याहून छोटा, त्यामुळे त्याचा आवाज राउटरपेक्षा लहान असतो. दोन भिंतींपलीकडे राउटरचं फोनपर्यंत पोचतं, फोनची पोच परत येत नाही, आणि राउटर तेच तेच पुन्हा पाठवत बसतो.

याचा त्रास घरातल्या बाकीच्यांनाही होतो. हवा सगळ्यांची एकच. मागच्या खोलीतला एक फोन रखडत बोलत असेल, तर पुढच्या खोलीतला टीव्ही तोवर ताटकळतो. «दादा घरी आला की सगळ्यांचं नेट स्लो होतं» यात दादाचा दोष एवढाच, की तो मागच्या खोलीत बसतो.

सहा अँटेनांचा मोठा राउटर घेऊ का?

याच एका कारणासाठी असेल तर नको. राउटर किती जोरात बोलू शकतो याला सरकारी मर्यादा आहे, आणि तो कितीही ओरडला तरी तुमच्या फोनचा आवाज मोठा होत नाही. जास्त अँटेनांनी राउटरला थोडं बरं ऐकू येतं, तीन-चार डेसिबलचा फायदा होतो. तुमचा आकडा उणे ७६ असेल तर तेवढ्याने भागेल. उणे ८५ असेल तर पैसे पाण्यात.

आहेत त्या अँटेना सरळ उभ्या करा. दांडीच्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने फारसा जात नाही. आडव्या पाडलेल्या अँटेना माळवदाला आणि फरशीला नेट देत बसतात.

रिपीटर घेतला, मागच्या खोलीत लावला, फुल्ल रेंज दाखवतोय. तरी नेट तसंच!

कारण फुल्ल रेंज रिपीटरची आहे. त्याला स्वतःला राउटर उणे ८० नेच ऐकू येतोय. ज्याला नीट ऐकू येत नाही त्यानं मोठ्यानं सांगून काय उपयोग? रिपीटर माजघरात लावा, दाराच्या रेषेत, जिथे आकडा उणे साठच्या आसपास येतो. तिथे तो चांगलं ऐकेल आणि पुढे त्याला एकच भिंत ओलांडायची राहील. साधा रिपीटर एकाच वाहिनीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. क्लासला तो पुरतो. मोठ्या फायली चढवायच्या असतील तर नाही.

मेश नावाने मिळणारे महागडे डबे वायरीशिवाय लावले, तर त्यांनाही हीच दगडी भिंत भेटते. त्यांच्या जागाही अशाच मोजून ठरवाव्या लागतात.

पक्का इलाज कोणता?

वायर. साखर पेठेतल्याच घरी पुढे थोरल्या मुलानं घरून काम सुरू केलं, तेव्हा पंधरा मीटर कॅट-सिक्स केबल चौकटींच्या वरून केसिंग-पट्टीतून मागे नेली आणि टोकाला त्यांचा माळ्यावर पडलेला जुना राउटर लावला. दगडात भोक पाडावं लागलं नाही. जुन्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात केबलपुरती फट निघतेच. केबल शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती वाकवताना तुटते.

जुन्या राउटरची मांडणी केबल जोडण्याआधी करून घ्या. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून त्याच्या पानावर जा. मेनूत `Access Point` असा पर्याय असेल तर तो निवडला की काम झालं. नसेल तर वायफायचं नाव आणि पासवर्ड पुढच्या राउटरचेच द्या, चॅनेल वेगळा ठेवा (पुढे १ असेल तर मागे ६ किंवा ११), `DHCP` बंद करा आणि शेवटी, पुढच्या राउटरचा पत्ता `192.168.1.1` असेल तर, याचा पत्ता `192.168.1.2` करा. मग केबल पुढच्या राउटरच्या `LAN` खाचेतून जुन्याच्याही `LAN` खाचेत लावा. वेगळ्या रंगाची `WAN` खाच रिकामी सोडा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे `DHCP` चालू राहणं. मग दोन्ही राउटर घरभर पत्ते वाटत सुटतात आणि काही फोन जोडले जातात पण इंटरनेट नाही म्हणतात, काही चालतात. आज चालणारा फोन उद्या बंद, उद्याचा परवा चालू. असं लहरी वागणं दिसलं की आधी तेच तपासा.

दुसरी अडचण: फोन माजघरातून मागे गेल्यावरही पुढच्याच राउटरला चिकटून राहतो. कधी सोडायचं ते फोन ठरवतो. आयफोन साधारण उणे सत्तरच्या खाली गेल्यावर दुसरा शोधू लागतो. पुढच्या राउटरच्या `Transmit Power` मध्ये `Medium` केलं की तो मागे लवकर फिका पडतो आणि फोन हलतो. ताकद कमी करा म्हटल्यावर लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण करून बघा.

आमचा जुळे सोलापूरला नवा फ्लॅट आहे, दगड नाही. तरी तसंच होतंय.

फ्लॅटमधल्या आतल्या चार-साडेचार इंची विटांच्या भिंती फार खात नाहीत. तिथे गुन्हेगार बहुधा दुसरे असतात: काँक्रीटचे सळ्याभरले खांब आणि लिफ्टची भिंत, लोखंडी कपाट, भिंतभर आरसा, टाइल्स लावलेल्या बाथरूमच्या दोन भिंती आणि त्यांतले पाइप. राउटर आणि बेडरूमच्या मध्ये बाथरूम आहे का बघा. असेल तर राउटर पॅसेजमध्ये आणा.

आणि पिंपं? ती हलवायची का?

राउटर हलवल्यावर गरज उरत नाही. ताईंनी तरीही एक पिंप दारापासून दूर नेलं, आकडा दोन डेसिबलने सुधारला. पुढच्या पाण्याला ते परत जागेवर आलं, कारण नळाची नळी नव्या जागेपर्यंत पोचत नव्हती.